फक्त .32 चाच कॉम्प्युटर का चालतो? एक्स्टेंडेड ॲक्सेस लिस्ट आणि वाइल्डकार्ड मास्क

प्रश्न: सर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत पेढी आहे, तिथलं नेटवर्क मी बघतो. सिस्कोचा राउटर आहे. ऑफिस 192.168.10.0 मध्ये, पट्ट्या काढायच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर 192.168.50.10 वर, पोर्ट 443. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरना .32 ते .47 असे पत्ते हाताने दिलेत. सर्व्हर फक्त त्यांनाच उघडावा, बाकीच्यांना नुसतं इंटरनेट. खालची लिस्ट ऑफिसच्या इंटरफेसला `in` लावली. आता अकाउंट्समधला .32 चालतो, बाकी एकही नाही. उलट गोदामातल्या .64 ला सर्व्हर उघडतो! राउटर बिघडलाय का?

```
access-list 110 permit tcp 192.168.10.32 255.255.255.240 host 192.168.50.10 eq 443
access-list 110 deny ip any host 192.168.50.10
access-list 110 permit ip any any
```

उत्तर: राउटर ठणठणीत आहे. तुम्ही लिहिलंय तेच तो अक्षरशः करतोय. पहिल्या ओळीत वाइल्डकार्ड मास्कच्या जागी सबनेट मास्क पडलाय, एवढंच. `255.255.255.240` च्या जागी `0.0.0.15` हवं. पण नुसता आकडा बदलून थांबू नका. .32 आणि .64 हेच दोघे का चालले, हे एकदा नीट उलगडलं की वाइल्डकार्ड मास्क पुन्हा कधी पाठ करावा लागणार नाही.

आधी राउटरलाच विचारा, त्याला काय समजलंय ते. `show access-lists 110` दिलं की पहिली ओळ अशी दिसेल:

```
10 permit tcp 0.0.0.0 255.255.255.240 host 192.168.50.10 eq 443
```

तुम्ही टाइप केलेला 192.168.10.32 गायब, त्या जागी 0.0.0.0. ही खूण लक्षात ठेवा. ॲक्सेस लिस्ट लिहून झाल्यावर ती राउटरकडून वाचून घ्यायची ती याचसाठी. ज्या बिटांकडे बघायचंच नाही असं तुम्ही सांगितलंत, ते बिट राउटर शून्य करून ठेवतो. पत्ता आपोआप बदललेला दिसला, तर तुमचा मास्क आणि तुमच्या मनातला हिशोब जुळत नाहीत.

आता मास्क. वाइल्डकार्ड मास्कमध्ये प्रत्येक बिट राउटरला एकच गोष्ट सांगतो. ० असेल तर पॅकेटमधला हा बिट मी दिलेल्या पत्त्याशी जुळलाच पाहिजे. १ असेल तर हा बिट काहीही असो, चालेल. सबनेट मास्कमध्ये १ म्हणजे नेटवर्कचा भाग, इथे १ म्हणजे दुर्लक्ष. तुमच्या मास्कमधले पहिले तीन आकडे 255, म्हणजे २४ बिट सगळे १. राउटरने 192.168.10 कडे पाहिलंच नाही. उरला शेवटचा आकडा 240. तो बिटांत मांडून पाहू:

```
240  1111 0000    (तुमचा मास्क)
 32  0010 0000
 33  0010 0001
 48  0011 0000
 64  0100 0000
```

240 चे डावीकडचे चार बिट १ आहेत, म्हणजे तिथेही दुर्लक्ष. उजवीकडचे चार ० आहेत, म्हणजे ते जुळलेच पाहिजेत. तुम्ही दिलेल्या 32 चे उजवे चार बिट 0000. मग अट एवढीच उरली: ज्या पत्त्याचे शेवटचे चार बिट 0000 तो आत, बाकी बाहेर. .32 बसतो. .33 चा शेवटचा बिट १, तो बाहेर. .64 बसतो. .16, .48, .80, .96 हेही बसतात. १६ ने निःशेष भाग जाणारा कुठलाही शेवटचा आकडा त्या ओळीतून पार होतो. गोदामातला .64 हा योगायोग नव्हता. .96 वर एखादा कॉम्प्युटर असेल तर तिथूनही उघडून पाहा, तोही उघडेल.

हे धोकादायक का, तर लिस्ट अर्धवट चालते. पूर्ण बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. इथे अकाउंट्सच्या मुख्य टेबलावरचा .32 चालला असता आणि चाचणी तिथेच झाली असती, तर काम झालं म्हणून सगळे घरी गेले असते. म्हणून चाचणी नेहमी परवानगीच्या पट्ट्याच्या पहिल्या पत्त्यावर, मधल्या एखाद्या पत्त्यावर आणि शेवटच्या पत्त्यावर करा, आणि पट्ट्याच्या लगेच अलीकडच्या-पलीकडच्या पत्त्यावरही करा. तुमच्यासाठी .32, .40, .47 उघडले पाहिजेत, .31 आणि .48 उघडता कामा नयेत.

योग्य मास्क काढायला सोपी वजाबाकी आहे. प्रत्येक आकडा 255 मधून वजा करायचा. 255.255.255.240 चा वाइल्डकार्ड 0.0.0.15. बिटांत 15 म्हणजे 0000 1111: पहिले २८ बिट जुळले पाहिजेत, शेवटचे चार काहीही चालतील. चार बिटांत १६ पत्ते बसतात, .32 ते .47. तुमच्या गरजेला चपखल.

चपखल बसलं, कारण तुमचा पट्टा योग्य जागी सुरू होतो. समजा अकाउंट्सना .40 ते .55 दिले असते. पत्ते तेव्हाही १६च. पण `192.168.10.40 0.0.0.15` लिहिलंत तर राउटर ते 192.168.10.32 करून ठेवेल आणि .32 ते .47 जुळवेल. .48 ते .55 वरचे लोक बाहेर राहतील, आणि .32 ते .39 वर जे कोणी असतील ते आत येतील. १६ पत्त्यांचा पट्टा १६ च्या पटीवरच सुरू होतो, ८ चा ८ च्या पटीवर. .40 ते .55 साठी दोन ओळी लागतात:

```
permit tcp 192.168.10.40 0.0.0.7 host 192.168.50.10 eq 443
permit tcp 192.168.10.48 0.0.0.7 host 192.168.50.10 eq 443
```

म्हणून पत्ते वाटतानाच पुढच्या लिस्टचा विचार करावा. दहाच माणसं असली तरी विभागाला १६ चा अखंड पट्टा राखून ठेवला की आयुष्यभर एक ओळ पुरते.

सबनेट मास्कची सवय जाता जात नाही, त्याला आणखी एक कारण आहे. सिस्कोच्याच एएसए फायरवॉलवर ॲक्सेस लिस्टमध्ये साधा सबनेट मास्क लिहितात. तिथली ओळ उचलून राउटरवर चिकटवली की नेमकं तुमच्यासारखं होतं, आणि राउटर कसलीही तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने 255.255.255.240 हाही वैध वाइल्डकार्ड आहे.

तो वैध का ठेवलाय, असं वाटेल. कारण वाइल्डकार्डमधले १ आणि ० सलग असावेत असं बंधन नाही, आणि त्याचा खरा उपयोग होतो. समजा पेढीचे तासगाव, विटा, जत, कवठे महांकाळ इथे काउंटर निघाले. प्रत्येक ठिकाणाला 10.20.1.0, 10.20.2.0 असं एकेक नेटवर्क दिलं, आणि पट्टी काढायचा कॉम्प्युटर सगळीकडे .10 वरच ठेवला. मग मुख्य राउटरवर ही एक ओळ पुरते:

```
permit tcp 10.20.0.10 0.0.255.0 host 192.168.50.10 eq 443
```

पहिले दोन आकडे जुळले पाहिजेत, तिसरा काहीही, चौथा 10 च. उद्या आटपाडीचा काउंटर निघाला तरी या ओळीला हात लावायला नको. सबनेट मास्कने हे लिहिताच येत नाही. तुमच्या .32 आणि .64 वर चुकून जे घडलं तेच इथे मुद्दाम घडवलंय. मात्र असे फटी असलेले मास्क वापराल तेव्हा वर `remark` टाकून उद्देश लिहून ठेवा. नंतर येणाऱ्याला ती ओळ बघून काही उमगत नाही आणि तो 'दुरुस्त' करून टाकतो.

आता ओळीचा बाकीचा भाग. एक्स्टेंडेड लिस्टमधली ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची: परवानगी की नकार, प्रोटोकॉल, कुठून, कुठे, आणि शेवटी पोर्ट. प्रोटोकॉल `ip` लिहिला की त्यात टीसीपी, यूडीपी, आयसीएमपी सगळं आलं. पण पोर्ट ही गोष्ट फक्त टीसीपी आणि यूडीपीत असते, म्हणून `permit ip` च्या ओळीत `eq 443` राउटर घेतच नाही. ही चूक तो जागेवर पकडतो. न पकडता येणारी चूक दुसरी आहे, पोर्टची जागा:

```
permit tcp 192.168.10.32 0.0.0.15 eq 443 host 192.168.50.10
```

राउटर ही ओळही मुकाट्याने घेईल. पण इथे `eq 443` सोर्सच्या मागे आलंय, म्हणजे अर्थ झाला 'अकाउंट्सच्या कॉम्प्युटरच्या 443 पोर्टवरून निघालेलं पॅकेट'. तसं पॅकेट कधी निघतच नाही. ब्राउझर जोडणी करतो तेव्हा आपल्या बाजूला एखादा मोठा, तात्पुरता पोर्ट घेतो. विंडोजवर तो साधारणपणे 49152 ते 65535 मधला असतो. 443 हा सर्व्हरच्या बाजूचा पोर्ट, म्हणून तो डेस्टिनेशनच्या मागे हवा. ही चूक ओळखायची कशी? `show access-lists` मध्ये प्रत्येक ओळीपुढे किती पॅकेटं जुळली याचा आकडा येतो. लोक सर्व्हर उघडायचा प्रयत्न करताहेत, तरी परवानगीच्या ओळीपुढे आकडाच नाही आणि खालच्या नकाराच्या ओळीचा आकडा भराभर वाढतोय, तर पोर्टची जागा किंवा मास्क, दोन्हींपैकी एक चुकलंय. `clear access-list counters 110` देऊन आकडे शून्यावर आणा, एकाच कॉम्प्युटरवरून एकदाच उघडा, आणि कुठली ओळ हलली ते बघा. एवढ्याने बहुतेक घोळ सापडतात.

सोर्सच्या मागे पोर्ट लिहायची जागाही येते, पण उलट्या दिशेला. `in` आणि `out` राउटरच्या पोटात उभं राहून बघायचं. ऑफिसच्या इंटरफेसला `in` म्हणजे ऑफिसकडून राउटरमध्ये शिरणारी पॅकेटं. सर्व्हरचं उत्तर त्याच इंटरफेसवरून बाहेर पडतं, त्याला ही लिस्ट लागत नाही, म्हणून तुम्हाला परतीसाठी काही लिहावं लागलं नाही. उद्या सर्व्हरच्या इंटरफेसलाही `in` लिस्ट लावलीत तर मात्र उत्तराची पॅकेटं तिच्यात अडकतील, आणि तिथे ओळ अशी लागेल:

```
permit tcp host 192.168.50.10 eq 443 192.168.10.32 0.0.0.15 established
```

उत्तरात 443 सोर्सला गेला. `established` मुळे ज्या टीसीपी पॅकेटवर एसीके किंवा आरएसटी बिट आहे तेवढीच जुळतात, म्हणजे सर्व्हरकडून नवी जोडणी सुरू होत नाही. राउटर मागची जोडणी खरोखर आठवून ठेवत नाही, फक्त बिट बघतो. यूडीपीत असे बिट नसतात, तिथे हा शब्द चालत नाही.

तुमच्या लिस्टमध्ये ओळींचा क्रम बरोबर आहे. राउटर वरून खाली जातो, पहिली जुळलेली ओळ अंतिम, खालचं वाचतच नाही. सगळ्या ओळी संपल्या तरी शेवटी न दिसणारा नकार असतोच. तुमची शेवटची ओळ `permit ip any any` असल्यामुळे तो तुम्हाला अजून भेटलेला नाही. नीटनेटकं करायला म्हणून ती ओळ `permit ip 192.168.10.0 0.0.0.255 any` अशी आवळाल, तेव्हा भेटेल. गोदामातले कॉम्प्युटर डीएचसीपीने याच राउटरकडून पत्ता घेत असतील, तर पत्ता मागणारं पॅकेट 0.0.0.0 या पत्त्यावरून निघतं, कारण त्या कॉम्प्युटरला अजून पत्ताच नसतो. ते आवळलेल्या ओळीत बसत नाही आणि मरतं. गंमत अशी की चालू कॉम्प्युटर मुदत वाढवून घेताना स्वतःचा पत्ता वापरतात, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. दुसऱ्या दिवशी सौद्याच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाले की बोंब होते, आणि काल केलेल्या बदलावर कोणाचा संशय जात नाही. आवळायचंच असेल तर वर `permit udp any eq bootpc any eq bootps` ही ओळ ठेवा.

दुसरा घोळ तुमच्या आहे त्याच लिस्टमध्ये लपलेला असू शकतो. 192.168.50.10 हाच सर्व्हर ऑफिसला डीएनएसही देतो का? देत असेल तर `deny ip any host 192.168.50.10` ने तेही बंद झालंय. लक्षण असं: अकाउंट्ससकट सगळे म्हणतात इंटरनेट गेलं, पण `ping 8.8.8.8` लागतं. आकडा चालतो, नाव चालत नाही. तेव्हा नकाराच्या वर यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी पोर्ट 53 ची परवानगी हवी. मोठं उत्तर आलं की डीएनएस टीसीपीवर जातो, म्हणून दोन्ही. तसंच, अकाउंट्सवाल्यांनाही सर्व्हरचं पिंग आता लागणार नाही, कारण तुम्ही त्यांना फक्त टीसीपी 443 दिलाय. सर्व्हर बंद पडला असं कोणी त्यावरून म्हणू नये. तपासणीसाठी पिंग हवं असेल तर तेवढ्यापुरती `permit icmp` ची वेगळी ओळ नकाराच्या वर घाला.

आता दुरुस्ती. कृपा करून `no access-list 110 permit tcp ...` असं लिहू नका. एक ओळ काढायला जाल आणि आख्खी ११० नंबरची लिस्ट उडेल. आणि लिस्ट नसताना इंटरफेसला तिचं नाव लावलेलं असलं, की राउटर सगळं सोडून देतो, म्हणजे सर्व्हर सगळ्या ऑफिसला खुला. त्यावर परत पहिली ओळ टाइप केली की त्याच क्षणी न दिसणारा नकार जिवंत होतो, आणि बाकीच्या ओळी घालेपर्यंत उरलेलं सगळं बंद. ओळींच्या क्रमांकांनी काम करा:

```
ip access-list extended 110
 5 permit tcp 192.168.10.32 0.0.0.15 host 192.168.50.10 eq 443
 no 10
```

आधी बरोबर ओळ ५ क्रमांकावर आत जाते, मग चुकीची १० जाते. मधे एक क्षणही अकाउंट्सचं काम अडत नाही.

हे सांगलीत राउटरशेजारी बसून करत असाल तर एवढं पुरे. जत किंवा विट्याच्या राउटरवर लांबून करणार असाल तर आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह आहे याची खात्री करा, मग `reload in 10` द्या. सेव्ह करायचं का असं विचारलं तर आत्ताचं, चांगलं चालणारंच सेव्ह होऊ द्या. मग बदल करा. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत तर दहा मिनिटांत राउटर पुन्हा सुरू होईल, सेव्ह न केलेला बदल पुसला जाईल, आणि तुम्ही परत आत. सगळं ठीक असेल तर `reload cancel` द्या, आणि वर सांगितलेल्या पाच पत्त्यांवरून चाचणी झाल्यावरच `write memory`.

शेवटचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही लिस्ट माणूस ओळखत नाही, पॅकेटवर लिहिलेला सोर्स पत्ता वाचते. गोदामातल्या कोणी आपल्या कॉम्प्युटरला हाताने .45 दिला, तर राउटरसाठी तो अकाउंट्सचाच. अकाउंट्स आणि गोदाम एकाच नेटवर्कात आहेत तोवर हे लिस्टने थांबणार नाही. स्विच व्हीलॅन करू शकणारा असेल तर अकाउंट्सला वेगळा व्हीलॅन आणि वेगळं नेटवर्क द्या, समजा 192.168.20.0, आणि दोन्हींना राउटरवर वेगवेगळे सब-इंटरफेस. मग परवानगीची ओळ फक्त अकाउंट्सच्या सब-इंटरफेसवर राहील आणि गोदामाच्या सब-इंटरफेसवर सर्व्हरला सरळ नकार. गोदामातून कोणी 192.168.20.5 असा पत्ता लावला तरी त्याचं पॅकेट गोदामाच्याच दारातून येईल आणि तिथेच अडेल.